दुसऱ्या सिमवर मोबाइल डेटा चालत नसेल तर: डिफॉल्ट डेटा सिम आणि एपीएनची तपासणी

दोन सिम असलेल्या फोनमध्ये दोन्ही क्रमांकांवर कॉल येतात, दोन्ही सिग्नलच्या काड्या भरलेल्या दिसतात, दोन्ही सिमवर डेटा पॅक शिल्लक असतो, आणि तरीही इंटरनेट मात्र एकाच सिमवर चालते. या तक्रारीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कधी दुसऱ्या सिमला डेटाचे काम दिलेलेच नसते. अशा वेळी फोनमध्ये कोणताही बिघाड नसतो. कधी ते काम देऊनही त्या सिमला इंटरनेटपर्यंत पोहोचता येत नाही, आणि मग बहुतेकदा एपीएन, म्हणजे ॲक्सेस पॉइंट नेम, चुकलेले असते. यांपैकी आपल्या फोनचे दुखणे कोणते, हे आधी ठरवल्याशिवाय सेटिंग्ज बदलत सुटू नये. अन्यथा चालू असलेल्या सिमचेही इंटरनेट बंद पडते आणि नेमके काय बदलले तेही आठवत नाही.

फोन एका वेळी एकच डेटा सिम का वापरतो

बहुतेक दुहेरी सिमच्या फोनमध्ये दोन्ही सिम एकाच वेळी नेटवर्कवर नोंदलेली असतात, परंतु रेडिओचे भाग दोघांना मिळून वापरावे लागतात. येणाऱ्या कॉलची हाक ऐकण्यासाठी फोन दोन्ही नेटवर्कांकडे आलटून पालटून कान देतो आणि तेवढ्याने काम भागते. इंटरनेटचा अखंड प्रवाह मात्र तो एकाच सिमकडे सोपवतो. त्या सिमला डिफॉल्ट डेटा सिम म्हणतात. म्हणून दोन्ही सिमवरचे इंटरनेट एकत्र चालावे अशी अपेक्षा अशा फोनकडून करता येत नाही. याच कारणाने, डेटा पहिल्या सिमवर असताना दुसऱ्या सिमवर बोलू लागलात की अनेक फोनांत तेवढ्या वेळेपुरते इंटरनेट थांबते. तोही दोष नाही.

आधी डेटाचे काम दुसऱ्या सिमला द्या

तपासणीच्या आधी वाय-फाय बंद करावे. हे सांगणे क्षुल्लक वाटेल, पण वाय-फाय चालू राहिल्याने मोबाइल डेटा सुरू झाल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो, आणि पुढची सगळी तपासणी त्यावर उभी राहते.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडून `Network & internet` आणि मग `SIMs` येथे जावे, दुसरे सिम निवडावे आणि त्याच्या पानावरील `Mobile data` चालू करावे. डेटा या सिमकडे वळवायचा का, असे फोन विचारील. त्याला होकार द्यावा. सॅमसंगच्या फोनमध्ये हीच निवड `Connections` मधील `SIM manager` मध्ये असते. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील मोबाइल डेटाच्या पानावर डेटासाठी कोणती लाइन वापरायची ते निवडता येते. फोन बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात, म्हणून जागा सापडली नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत `SIM` लिहून पाहावे.

सिग्नल कमी झाल्यावर किंवा कॉल चालू असताना डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याची सोय काही अँड्रॉइड फोनांत आणि आयफोनमध्ये असते. तपासणी संपेपर्यंत ती बंद ठेवावी, नाहीतर आपण ज्या सिमची परीक्षा घेत आहोत त्याच्याऐवजी दुसरेच सिम उत्तरे देत राहते.

निवड बदलल्यावर अर्धा मिनिट थांबावे आणि पूर्वी न उघडलेले एखादे वेब पान उघडून पाहावे, कारण आधी उघडलेले पान फोनच्या साठवणीतूनही समोर येऊ शकते. पान उघडले तर सिम, पॅक आणि एपीएन तिन्ही ठीक आहेत. प्रश्न केवळ निवडीचा होता आणि तो येथेच संपला.

पान उघडले नाही तर चिन्हे वाचा

सिग्नलच्या काड्या म्हणजे फोन मनोऱ्याशी बोलू शकतो, एवढाच अर्थ आहे. डेटाची खूण म्हणजे काड्यांजवळ येणारी `4G`, `LTE` किंवा `5G` ही अक्षरे. काड्या आहेत पण ही अक्षरे मुळीच उमटत नाहीत, तर डेटाची जोडणीच झालेली नाही. अशा वेळी एपीएन, डेटा रोमिंग किंवा त्या क्रमांकाची डेटा सेवा यांच्याकडे पाहावे. अक्षरे आली आहेत पण शेजारी उद्गारचिन्ह आहे, तर जोडणी झाली आहे आणि त्यापलीकडे वाट अडली आहे. संपलेला पॅक किंवा भलत्याच सेवेचे एपीएन हे तेथील नेहमीचे संशयित. `E` किंवा `G` हे अक्षर दिसले तर फोन 2G वर आहे आणि पान उघडायला इतका वेळ लागतो की डेटा बंदच आहे असे वाटते.

दोन खटके येथेच पाहून घ्यावेत, कारण ते प्रत्येक सिमसाठी वेगळे असतात आणि एका सिमवर चालू केले म्हणून दुसऱ्यावर चालू होत नाहीत. एक म्हणजे डेटा रोमिंग. दुसरे सिम दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावर चालत असेल आणि काड्यांजवळ `R` दिसत असेल, तर हा खटका बंद असताना कॉल चालतात आणि डेटा चालत नाही. मात्र परदेशात असताना तो चालू करण्यापूर्वी दर विचारून घ्यावेत. दुसरा खटका डेटा मर्यादेचा: पूर्वी कधीतरी त्या सिमसाठी मर्यादा घातली असेल आणि ती ओलांडली गेली असेल, तर फोन स्वतःच डेटा रोखून धरतो.

एपीएन: चूक बहुधा येथे असते

डेटा सुरू करताना फोन नेटवर्कला एक नाव कळवतो, आणि त्या नावावरून नेटवर्क ठरवते की या ग्राहकाला कोणत्या दारातून बाहेर सोडायचे. हे नाव म्हणजे एपीएन. नाव ओळखीचे नसेल किंवा त्या क्रमांकाला त्या दाराची परवानगी नसेल, तर नेटवर्क जोडणी नाकारते. कॉल आणि मेसेज या नावावर अवलंबून नसल्यामुळे ते चालू राहतात, आणि म्हणूनच सिम धडधाकट असल्याचा समज होतो. यात 4G वरून होणारे कॉल एवढाच फरक आहे की त्यांना स्वतःचे वेगळे एपीएन असते.

हे नाव आपण सहसा कधीच भरत नाही. सिमवर देशाचा आणि नेटवर्कचा असे दोन संकेतांक असतात. पडद्यावर ते `MCC` आणि `MNC` म्हणून दिसतात. फोन त्यांच्यावरून आपल्या आतील यादीत त्या कंपनीचे एपीएन शोधतो. अडचण येते ती स्वतःचे मनोरे नसलेल्या, दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क भाड्याने घेऊन सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या सिममध्ये, कारण त्यांचे संकेतांक पुष्कळदा मूळ नेटवर्कचेच असतात. अशा सिमला ओळखण्याच्या इतरही खुणा असतात, परंतु फोनची यादी जुनी असली की त्या कामी येत नाहीत.

आमच्या घरातील एका फोनमध्ये नेमके हेच घडले होते. पहिल्या स्लॉटमधील सिम मोठ्या नेटवर्कचे होते आणि दुसऱ्यातील सिम त्याच नेटवर्कवर चालणाऱ्या लहान कंपनीचे. डेटा दुसऱ्या सिमकडे वळवला की काड्या भरलेल्या राहत आणि `4G` नाहीसे होई. दुसऱ्या सिमचे एपीएनचे पान उघडले तेव्हा दोन्ही सिमवर एकच नाव निवडलेले आढळले: संकेतांक सारखे पाहून फोनने मूळ नेटवर्कचे एपीएन लहान कंपनीच्या सिमलाही लावले होते. त्या कंपनीने कळवलेले नाव नव्या नोंदीत भरल्यावर मिनिटभरात `4G` परत आले.

नवी नोंद करण्यासाठी सिमच्या पानावर खाली `Access Point Names` उघडावे. आपण दुसऱ्याच सिमच्या पानावर आहोत याची खात्री करावी. काही फोनांत वर दोन सिमचे दोन कप्पे असतात आणि घाईत पहिल्याचेच एपीएन बदलले जाते. मग अधिकच्या चिन्हाला स्पर्श करून पुढीलप्रमाणे भरावे. `internet` या शब्दाच्या जागी आपल्या कंपनीने दिलेले नाव लिहावे.

```
Name: SIM 2 Data
APN: internet
APN type: default,supl
APN protocol: IPv4/IPv6
```

यांतील `Name` ही आपल्या सोयीची पाटी आहे. तेथे काहीही चालते. `APN` मात्र अक्षरशः दिल्याप्रमाणे हवे. कीबोर्ड शब्दाच्या शेवटी स्वतःहून रिकामी जागा सोडतो आणि ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शेवटच्या अक्षरामागे कर्सर नेऊन ती पुसावी. `APN type` मध्ये `default` हा शब्द नसेल तर ही नोंद इंटरनेटसाठी वापरलीच जात नाही. `MCC` आणि `MNC` फोनने स्वतः भरलेले असतात, त्यांना हात लावू नये. ते सिमशी जुळले नाहीत तर जतन केलेली नोंद यादीतून अदृश्य होते. वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड कंपनीने दिले असतील तरच भरावेत.

त्यानंतर तीन ठिपक्यांच्या मेनूतून `Save` करावे, यादीत परतून नव्या नोंदीपुढील गोल ठिपका निवडावा, आणि विमान मोड दहा सेकंद चालू ठेवून बंद करावा, म्हणजे फोन नव्या नावाने पुन्हा जोडणी मागतो. नोंद जतन करून ती न निवडणे, ही चूक सर्वांत जास्त वेळा होते. जुनी नोंद पुसू नये. नवी चुकली तर तिच्याकडे परतता येते.

आयफोनमध्ये हे पान त्या लाइनच्या सेटिंगमध्ये असते, पण कंपनीने परवानगी दिली असेल तरच दिसते. पूर्वीच्या कंपनीचे एपीएन प्रोफाइल फोनमध्ये राहिले असेल तर तेही आड येते. ते `General` मधील `VPN & Device Management` मध्ये सापडते व काढता येते.

तरीही चालत नसेल तर सिमची अदलाबदल

फोन बंद करून दोन्ही सिमच्या जागा बदलाव्यात आणि पुन्हा त्याच सिमला डेटाचे काम द्यावे. जागा बदलूनही त्याच सिमवर डेटा चालत नसेल, तर कारण सिम, पॅक किंवा एपीएन यांत आहे. आता पूर्वी चालणारे सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये जाऊन अडले, तर कारण स्लॉटमध्ये आहे. काही जुन्या फोनांत दुसरा स्लॉट केवळ 2G साठीच असतो. जेथे 2G सेवा बंद झाली आहे तेथे त्या स्लॉटला एपीएन बदलून काहीच मिळणार नाही, डेटाचे सिम पहिल्या स्लॉटमध्येच ठेवावे लागते. ई-सिमची अशी अदलाबदल होत नाही, म्हणून तेथे दुसरे चालू सिम तात्पुरते बंद करून एकट्या ई-सिमवर डेटा तपासावा.

दोष सिमबरोबर फिरत असेल तर ग्राहक सेवेला दोनच प्रश्न विचारावेत: या क्रमांकावर डेटा सेवा चालू आहे का, आणि या सिमसाठी एपीएन नेमके कोणते. ‘नेट चालत नाही’ असे म्हटले की फोन बंद करून चालू करा, हेच उत्तर बहुधा मिळते. नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करण्याचा पर्याय सर्वांत शेवटी ठेवावा, कारण त्यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड व ब्लूटूथ जोडण्या जातात आणि आपण हाताने भरलेली एपीएनची नोंदही पुसली जाते. म्हणून रीसेटच्या आधी त्या पानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे.