विनोदी सदर छोटं करताना या चुका टाळा

पुरवणीत जागा कमी पडली की आठशे शब्दांचं सदर तीनशेवर आणायचं काम डेस्कवर येतं, आणि नवीन मुलं लगेच पहिल्या ओळीपासून कापायला बसतात. आधी शेवटपर्यंत वाचा हो, हसू कुठे येतंय ते तरी बघा!

सगळ्यात जास्त नडते ती पुनरावृत्ती काढायची सवय. ही चूक मी स्वतः केलीये. सोसायटीच्या बंद लिफ्टवरचं सदर होतं. मार्चमध्ये नोटीस लागते, ‘काम प्रगतिपथावर आहे’, गणपतीत तीच नोटीस, दिवाळीत पण तीच, आणि शेवटी चौथ्या मजल्यावरची आजी नातवाला विचारते, अभ्यास झाला का रे? तो म्हणतो, ‘काम प्रगतिपथावर आहे.’ मला वाटलं एकच वाक्य चारदा कशाला, म्हणून आधीची तिन्ही उडवली आणि जिन्याचं लांबलचक वर्णन तसंच ठेवलं. छापून आल्यावर लेखकांचा फोन आला, ‘अहो, तो पोरगा असं सरकारी का बोलतोय ते वाचणाऱ्याला कळणार कसं?’ अगदी बरोबर होतं त्यांचं. आता मी शेवटच्या हशाखाली पेन्सिलीने रेघ मारतो आणि तिथून उलटं मागे जातो, तो हशा कशावर उभा आहे ते शोधत. त्या लेखात मार्च आणि दिवाळी ठेवायला हवी होती, कारण एकदा आलं की ती नुसती माहिती असते, दुसऱ्यांदा आलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात बसतं आणि तिसऱ्यांदा भलत्याच्या तोंडी आलं की हसू फुटतं. गणपती आणि अख्खा जिना गेला असता तरी चाललं असतं.

दुसरी चूक म्हणजे उपरोध सरळ करून सांगणं. मूळ वाक्य असं: ‘आमचे सेक्रेटरी इतके काळजीवाहू की जिन्यातले बल्ब चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांनी ते स्वतःच्या घरात लावून ठेवलेत.’ घाईत त्याचं होतं, ‘सेक्रेटरी सोसायटीचे बल्ब घरी वापरतात, अशी टीका लेखक करतात.’ म्हणजे कौतुकाचा सूरच गेला, राहिली तक्रार. वरून हा तर थेट आरोप झाला, जो लेखकाने त्या शब्दांत केलेलाच नाही. कमी करायचंच असेल तर, ‘काळजीवाहू सेक्रेटरींनी जिन्यातले बल्ब सुरक्षित ठेवलेत, स्वतःच्या घरात.’ कौतुक शाबूत, आणि ‘स्वतःच्या घरात’ मुद्दाम शेवटी, कारण त्याच्यानंतर एक शब्द जरी आला तरी मजा जाते.

‘म्हणे’ कापू नका. ‘लिफ्ट सोमवारी सुरू होणार म्हणे’ यातला सगळा अविश्वास त्या एका शब्दात आहे.

‘काळजीवाहू’ला अवतरणचिन्हं नकोत, पुढे उद्गारचिन्ह तर नकोच.

आणि शीर्षक देताना शेवटची ओळ वर उचलू नका. लिफ्टच्या लेखाला ‘चौथा मजला’ एवढं पुरलं असतं, मी ‘काम प्रगतिपथावर’ दिलं होतं.