चोर्ला घाटाची लाल रेघ: नकाशा हलवायच्या आधीची तयारी

मागच्या पावसाळ्यात बेळगावहून साखळीपर्यंत गाडीने गेलो: पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी. व्हिडिओच्या सुरुवातीला नकाशावर लाल रेघ पळत जाते ना, तशी बारा सेकंदांची रेघ करायला बसलो आणि त्यात तीन रात्री घालवल्या. शेवटी जे झालं ते मामाच्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "दादा, घाटात धुकं होतं हे कळलं, पण नकाशालासुद्धा?" नकाशा छोटा घेतला होता. घाटापाशी झूम केल्यावर सगळं पुसट झालं. म्हणून ही यादी, आणि यादीत पहिलं, मधलं आणि शेवटचं कलम एकच आहे: नकाशा मोठा घ्या.

किती मोठा, हे अंदाजाने ठरवू नका. व्हिडिओत सगळ्यात जवळ कुठे जाणार ते आधी ठरवा. माझी चौकट साधारण 80 किलोमीटर रुंद आणि 45 किलोमीटर उंच होती. बेळगाव उजवीकडे वर, साखळी डावीकडे खाली, आणि प्रमाण बरोबर 16:9. घाटात शिरल्यावर पडद्यावर फक्त 20 किलोमीटर दिसायला हवे होते, म्हणजे चारपट झूम. व्हिडिओ 1920 पिक्सेल रुंद, त्याच्या चारपट 7680. तेवढा नकाशा हवा, उंची 4320. मी काढला होता 1920 चा. त्यात एक पिक्सेल म्हणजे जवळपास 42 मीटर. चोर्ल्याचं एखादं वळण तेवढ्यात तीन-चार पिक्सेलमध्ये आटपतं, ते मोठं केल्यावर ठिपक्यांशिवाय दिसणार काय? 7680 च्या नकाशात एक पिक्सेल साडेदहा मीटरच्या आसपास येतो आणि वळण वळणासारखं दिसतं. व्हिडिओ फोर-केमध्ये काढणार असाल तर हेही दुप्पट करा. लॅपटॉप रडेल. रडू दे.

प्रवासाचा जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे फोनने वाटेत टिपलेल्या बिंदूंची फाइल, फोनमध्ये आहे हे धरून चालतो. नसेल तर पुढच्या वेळी बॅटरी सेव्हर बंद करून निघा.

नकाशा मी क्यूजीआयएसमध्ये बनवतो, ते फुकट आहे. ऑनलाइन तयार टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, मागे लावून मोठं चित्र काढायला जाऊ नका. चित्र मोठं मागितलं की ते जवळच्या झूमच्या शेकडो टाइल्स ओढतं, आणि त्यांच्यावरची गावांची नावं पूर्ण नकाशात मुंगीएवढी दिसतात. शिवाय ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून अशा घाऊक टाइल्स उचलणं त्यांच्या नियमात बसत नाही. त्यापेक्षा जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून ओपनस्ट्रीटमॅपचाच कच्चा डेटा उतरवा, आणि त्यात फक्त रस्ते, नद्या आणि राज्यांच्या सीमा ठेवा. इथे आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसाची खास अडचण येते. तिथे भारताचे विभाग पाडलेत, कर्नाटक सदर्न झोनमध्ये आणि गोवा, महाराष्ट्र वेस्टर्न झोनमध्ये. एकच फाइल आणली तर कणकुंबीच्या पुढे रस्ता हवेत संपतो. दोन्ही आणा. फाइली जड आहेत, रात्री लावून झोपा.

मग ट्रॅक साफ करायचा. जीपीएक्स तशीच्या तशी संपादित होत नाही, आधी जिओपॅकेज म्हणून सेव्ह करून घ्या. जांबोटीला आम्ही चहाला थांबलो होतो. फोन गाडीतच होता, पण जीपीएस थोडाच चहाला थांबतो? तिथे बिंदूंचा कोळ्याच्या जाळ्यासारखा गुंता झाला होता. तो हाताने उडवावा लागतो. बाकी रेघ Simplify ने हलकी करा, पण आकडा टाकताना जपा. ट्रॅक अक्षांश-रेखांशात असेल तर तिथली संख्या मीटर नसते, अंश असते. दहा मीटरसाठी मी 10 टाकलं आणि बेळगाव-साखळी प्रवासाची एक सरळ काठी झाली. हवं होतं 0.0001, म्हणजे साधारण अकरा मीटर.

आता चित्र काढण्याआधी चौकट पक्की करायची, आणि पक्की म्हणजे बुकमार्क करून. माझी दुसरी रात्र इथेच गेली. छोटा नकाशा चालत नाही हे कळल्यावर तोच नकाशा पुन्हा मोठा काढायला गेलो, पण मधल्या काळात क्यूजीआयएसची खिडकी लहान-मोठी झाली होती, त्यामुळे चौकट सरकली. आधी गिरवलेली रेघ नव्या नकाशावर ठेवली तर ती रस्ता सोडून थेट जंगलात. सगळं पुन्हा गिरवलं. चौकट तीच राहिली असती तर गिरवलेलं सगळं तसंच वापरता आलं असतं, कारण रेघ जिथे पळवायची त्या डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ प्रोग्राममधल्या फ्यूजनमध्ये रेघेचे बिंदू पिक्सेलमध्ये नसून चित्राच्या प्रमाणात असतात. म्हणून Ctrl+B दाबून बुकमार्क करा, Export Map to Image मध्ये तोच बुकमार्क निवडा, रुंदी 7680 लिहा, आणि आलेल्या फाइलची रुंदी डोळ्यांनी तपासा. लिहिलं होतं म्हणून आली असेल, असं धरू नका. उजवं क्लिक करा, बघा.

चित्रं दोन काढायची, दोन्ही एकाच बुकमार्कवरून, दोन्ही 7680. पहिलं नकाशाचं, ज्यात प्रवासाची रेघ नाही. दुसऱ्यात मागे नुसता काळा रंग आणि वर फक्त आपला ट्रॅक पांढऱ्यात, बाकी सगळे थर बंद. ट्रॅकची जाडी वीसेक पिक्सेल ठेवा. पूर्ण नकाशात ती पाच पिक्सेलची दिसते आणि जवळ गेल्यावर वीसची. त्याहून जाड केली तर घाटातली वळणं एकमेकांना चिकटून लाल डाग होतो.

दोन चित्रांचा खटाटोप कशाला, तर रेघ रस्त्यावरच बसावी म्हणून. हाताने गिरवलेली रेघ कितीही जपून काढा, झूम केल्यावर ती रस्त्याच्या शेजारून शेतातून जाताना दिसते. इथे खरी रेघ क्यूजीआयएसच काढतं आणि आपण हाताने जे गिरवतो तो फक्त तिच्यावरचा पडदा असतो, हळूहळू सरकणारा. डाविंची रिझॉल्व्हच्या फ्यूजन पानावर एक लाल Background घ्या, आकार 7680 बाय 4320. त्याला Bitmap मास्क लावा, चॅनेल Luminance, आणि त्यात काळं-पांढरं चित्र जोडा. लाल रेघ तयार. ती नकाशावर Merge करा, आणि त्या Merge ला Polygon मास्क लावा. पॉलिगॉन बेळगावपासून साखळीपर्यंत रेघेवरून गिरवायचा, शेवटी बंद करायचा नाही. सुरुवात बेळगावातूनच करा, नाहीतर रेघ साखळीहून घरी परत येते. Solid ची खूण काढा, Border Width रेघेच्या तिप्पट दिसेल एवढी वाढवा. आता Length शून्यावरून एकवर नेलं की रेघ पळते.

एक ठिकाण दगा देतं. वळणावळणाच्या घाटात वरचा रस्ता आणि खालचा रस्ता इतके जवळ येतात की जाड पडदा वरून जाताना खालच्या रस्त्याचाही तुकडा उघडतो, आणि रेघेच्या पुढे लाल ठिपके उगवतात. घाटाचा भाग एकेक फ्रेम पुढे नेऊन बघा. ठिपका दिसला की तिथे जास्त बिंदू टाकून पॉलिगॉन रेघेच्या मधोमध आणा. तरीही दिसला तर Border Width कमी करा. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

झूम नकाशा आणि रेघ एकत्र झाल्यावरच करायचा, आधी नाही, नाहीतर नकाशा एकीकडे आणि रेघ दुसरीकडे. 1920 बाय 1080 चं एक रिकामं Background घ्या, त्यावर आपलं 7680 चं सगळं एका नव्या Merge ने ठेवा. या Merge मध्ये Size 0.25 असताना पूर्ण नकाशा दिसतो, आणि 1 असताना चारपट जवळचा. नकाशा मोठा घेतलाय की नाही याची परीक्षा इथे फुकटात होते: Size कधीच 1 च्या वर जाता कामा नये. गेला, म्हणजे नकाशा छोटा आहे. मागच्या वेळी माझा Size 4 होता. आकडा समोर दिसत होता आणि मी तो कौतुकाने वाढवत होतो.

वेग: 25 फ्रेमच्या हिशोबाने बारा सेकंद म्हणजे 300 फ्रेम. एकसारख्या वेगाची रेघ कंटाळवाणी दिसते. जांबोटीला एक सेकंद थांबवा, म्हणजे Length चा तोच आकडा 25 फ्रेमनंतर पुन्हा कीफ्रेम करा. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, तिथे पुन्हा थांबा. घाटात हळू, केरीनंतर सुसाट.

गावांची नावं देवनागरीत हवी असतील तर ती इंकस्केपमध्ये लिहून पीएनजी काढा आणि चित्र म्हणून आणा. थेट टाइप केलेली नावं रेंडर करण्याआधी डोळे फाडून वाचा. माझ्याकडे "किणये" ची वेलांटी णच्या डोक्यावर गेली होती आणि "चोर्ला" चा रफार मोडून पाय मोडका र उभा होता. बेळगाव की बेळगावी हे तुमचं तुम्ही बघा. सरकारी नाव नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी आहे, मी बेळगावच लिहितो. अख्ख्या देशाचा नकाशा दाखवणार असाल तर बाहेरची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच असू द्या. त्याच्याशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं गुन्हा आहे.

कोपऱ्यात © OpenStreetMap contributors. आवाज नंतर. रेंडर करायला टाका.

त्याआधी घाटातली एक फ्रेम उघडा, Size बघा, एकपेक्षा जास्त असेल तर मागे जा आणि नकाशा मोठा घ्या.