जाहिरातीचं बजेट वाढवण्याआधी करायचा हिशेब

उदाहरणासाठी एक छोटा व्यवसाय धरू: लहान मुलांना दर महिन्याला मराठी गोष्टींच्या पुस्तकांचा खोका घरपोच पाठवणारा, वर्गणी महिना ५०० रुपये. जाहिरातींवर महिन्याला ३०,००० जातात आणि आता ते ६०,००० करायचा विचार आहे. एक ग्राहक मिळवायला किती लागतात (सीएसी) आणि तो टिकेल तोवर किती देऊन जातो (एलटीव्ही), हे दोन आकडे त्याआधी हातात हवेत.

आधी एका खोक्यात काय उरतं ते काढा. पुस्तकं २२५, खोका आणि पॅकिंग १८, कुरिअर ६५, पेमेंट गेटवेचं कमिशन करासकट १२. खर्च झाला ३२०, उरले १८०. यापुढचा सगळा हिशेब या १८० वरच करायचा. एलटीव्ही ५०० धरून काढणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि ती केली की पुढचं काहीच खरं राहत नाही.

मग ग्राहक मिळवण्याचा खर्च. जाहिरातीच्या डॅशबोर्डवर ५५ नवे ग्राहक दिसतात, म्हणजे माणशी ५४५ रुपये. तो आकडा उतरवून घेऊ नका. ऑर्डरच्या वेळी ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हा एक प्रश्न ठेवा आणि उत्तरं मोजा. समजा, त्यातले ४० च जाहिरातीमुळे आले. बाकीच्यांना मैत्रिणीने किंवा शाळेतल्या पालकांनी सांगितलं होतं, जाहिरात फक्त नजरेखालून गेली होती. शिवाय जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी आहे. छापील पुस्तकं करमुक्त असल्याने त्याचा परतावा इथे मिळत नाही, म्हणून बिल ३५,४०० चं धरा. व्हिडिओ करून देणाऱ्याचे ६,००० मिळवा. ४१,४०० भागिले ४० म्हणजे १,०३५. पहिल्या खोक्यावर २०० ची सूट दिली असेल तर तीही इथेच धरायची. खरा आकडा १,२३५.

आता टिकण्याचा हिशेब, आणि इथे घाई करू नका. सोपं सूत्र असं की महिन्याला ८ टक्के लोक सोडतात, म्हणजे ग्राहक सरासरी साडेबारा महिने टिकतो, म्हणजे २,२५० रुपये. पण त्या ८ टक्क्यांत तीन वर्षांपासूनचे जुने वर्गणीदारही मिसळलेले आहेत. ते हलत नाहीत, त्यामुळे नव्यांची गळती झाकली जाते. म्हणून एक्सेलमध्ये एकाच महिन्यात जाहिरातीतून आलेल्यांची एक ओळ करा. जानेवारीत ५० आले, तर पुढे किती खोके गेले? ५०, ३८, ३२, २९, २७, २६. सहा महिन्यांत २०२ खोके, म्हणजे माणशी चार, म्हणजे साधारण ७२७ रुपये. नंतर गळती मंदावते. महिन्याला एकजण सोडतो असं धरलं तर वर्षअखेर १,२१३ होतात. घातलेले १,२३५ तेव्हाही निघालेले नसतात, ते तेराव्या महिन्यात निघतात. एलटीव्ही सीएसीच्या तिप्पट असावी असा एक ठोकताळा आहे. डॅशबोर्ड आणि सोपं सूत्र जोडलं तर हा धंदा चौपटीचा दिसतो! पन्नास जणांच्या ओळीत एक माणूस म्हणजे २ टक्के, तेव्हा वर्षाच्या पुढचा अंदाज अशा ओळीवरून बांधू नका.

गळतीच्या यादीत आणखी एक रकाना करा: स्वतःहून बंद केलं, की पैसे कापलेच गेले नाहीत? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑटो-पे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. तरी खात्यात शिल्लक नसते, कार्डाची मुदत संपलेली असते. अशा माणसाला खोका नको झालेला नाही. पगाराच्या तारखेनंतर पुन्हा प्रयत्न करा, व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे भरायची लिंक पाठवा. नवी जाहिरात करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं, म्हणून बजेट वाढवण्याआधी हे काम उरकून घ्या.

शेवटी बँकेची शिल्लक बघा. ४० नव्या ग्राहकांवर आज ४९,४०० गेले आणि सहा महिन्यांत सुमारे २९,००० परत आले, म्हणजे एका महिन्याच्या भरतीमागे २०,००० अडकून राहिले. दर महिन्याला अशी नवी भरती त्यात पडत जाते. एवढं करूनही बजेट वाढवलंच, तर वाढीव ३०,००० चा हिशेब वेगळा मांडा. त्यातून ४० ऐवजी २५ च आले, तर नुसत्या बिलाचे माणशी १,४१६ आणि सुटीचे २००, म्हणजे १,६१६ होतात. जुन्या आणि वाढीव खर्चाची मिळून सरासरी काढत बसलात तर हे दिसणारच नाही.