ओटी अहवाल हिंदीत करताना: आकड्यांचा अर्थ न बदलता

कोपरखैरणे-ऐरोलीच्या पट्ट्यात मुलाचा ऑक्युपेशनल थेरपीचा अहवाल बहुधा इंग्रजीत हाती येतो आणि घरात हिंदी बोलली जाते. मग सेंटरमधलं कुणीतरी किंवा ओळखीची ताई तो हिंदीत करून देते. वाक्यं जमतात, घोळ आकड्यांत होतो.

समजा, सात वर्षांच्या मुलाची बीओटी-२ ही हातापायांच्या हालचालींची चाचणी झाली. हाताच्या बारीक कामांच्या विभागात स्टँडर्ड स्कोअर ३८, पर्सेंटाइल १२ आणि वर्गवारी ‘सरासरीपेक्षा कमी’.

आधी प्रत्येक आकडा कोणत्या मापाचा आहे ते थेरपिस्टकडून समजून घ्या. इथे सरासरी ५० असते आणि ४१ ते ५९ सरासरीत धरतात. हे न सांगता ३८ लिहिलं तर आईवडील ते शंभरपैकी गुण समजतात. म्हणून आकडा तसाच ठेवून शेजारी लिहा: ‘इस जाँच में औसत ५० है, ४१ से ५९ तक औसत माना जाता है।’

पर्सेंटाइलला ‘प्रतिशत’ कधीही लिहू नका. ‘१२ प्रतिशत’ वाचून वडिलांना वाटतं, मुलगा नापास झाला. लिहा: ‘उसकी उम्र के १०० बच्चों में से लगभग १२ के अंक उसके बराबर या उससे कम हैं।’ वाक्य लांबतं, लांबू द्या.

सर्वांत जपायची जागा म्हणजे वयाशी तुलना करणारा आकडा. एखाद्या उपचाचणीपुढे ५ वर्षे २ महिने असं दिसलं की ‘बच्चा पाँच साल का है’ असं लिहिलं जातं आणि घरात त्याच्या बुद्धीबद्दल बोलणं सुरू होतं. अर्थ एवढाच: ‘इस एक हिस्से में उसके अंक उतने हैं जितने आम तौर पर ५ साल २ महीने के बच्चों के आते हैं।’

वर्गवारीचे शब्द ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा: ‘औसत से कम’ वेगळं, ‘औसत से काफ़ी कम’ वेगळं. आईला वाईट वाटेल म्हणून दुसऱ्याचं पहिलं करू नका; तिने थेरपीची निकड त्यावरूनच ठरवायची आहे.

सेन्सरी प्रोफाइल-२ ही मूल आवाज, स्पर्श अशा गोष्टींना कसा प्रतिसाद देतं ते विचारणारी प्रश्नावली. तिच्यात जास्त गुण म्हणजे चांगली कामगिरी नव्हे, तर विचारलेलं वागणं जास्त वेळा दिसतं. जुन्या, १९९९ च्या आवृत्तीत हे उलट होतं, तिथे कमी गुण म्हणजे ते वागणं जास्त. म्हणून अहवालात कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहा.

झालेला मसुदा मूळ अहवाल न पाहिलेल्या, हिंदी चांगली येणाऱ्या माणसाला द्या आणि त्याला काय कळलं ते मराठीत सांगायला लावा. थेरपिस्टने ते मूळ अहवालाशी ताडून पाहावं. फरक निघाला तर वाक्य बदला, आकडा नाही. पालकांना मूळ प्रतही सोबत द्या, कारण शाळा किंवा दुसरे डॉक्टर तीच मागतील.