वाढदिवसाची रक्कम आधी, पाहुण्यांची यादी नंतर

मुलाच्या वाढदिवसाचा खर्च बहुधा केकमुळे नव्हे, तर माणशी येणाऱ्या खर्चामुळे हाताबाहेर जातो. म्हणून आधी रक्कम ठरवावी आणि किती मुलांना बोलवायचे, हे तिच्यावरून काढावे. समजा, जळगावातील एका घराने 5000 रुपयांची मर्यादा ठरवली. केकचे 700, सजावटीचे 300 आणि वर्गातील 40 मुलांना वाटायच्या चॉकलेटचे 200 (हा खर्च हमखास विसरला जातो) असे 1200 रुपये आणि अडीअडचणीसाठी 500 रुपये बाजूला काढल्यास 3300 उरतात. घरच्या भरीत-पुरीचे 100 आणि परतभेटीचे 50 असे माणशी 150 रुपये धरल्यास 22 मुलांची सोय होते. तरीही आमंत्रणे 18 मुलांनाच द्यावीत, कारण धाकटी भावंडे सोबत येतातच.

शाळेतील भेटवस्तूंच्या देवाणघेवाणीचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवावेत. तेथील मर्यादा 100 रुपये असेल, तर त्यात वेष्टनाचा कागदही धरावा आणि वस्तू 80 रुपयांचीच पाहावी. महागडी भेट दिल्याने समोरच्या पालकांनाच अवघडल्यासारखे होते.