मृगाआधी फंड विकताना: बारा महिन्यांची तारीख आणि त्याची तयारी

यवतमाळकडच्या कोरडवाहू गावांत नोकरीसोबत शेती करणारे अनेक जण कापूस विकून आलेले पैसे इक्विटी म्युच्युअल फंडात ठेवतात आणि बियाणे-खतासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात काढतात; नेमकी हीच सवय कधीकधी दोन-चार दिवसांच्या फरकाने महाग पडते, कारण बारा महिने उलटण्याआधी विकले तर नफ्यावर जास्त कर लागतो.

पहिले काम म्हणजे खाते-विवरण काढून युनिट कोणत्या तारखेला मिळाले ते पाहणे. बँकेतून पैसे कापल्याची तारीख येथे उपयोगाची नाही, कारण ते फंडाकडे पोहोचल्यावरच युनिट मिळतात आणि त्यात एखादा दिवस सहज जातो. एसआयपी असेल तर प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी मोजावी लागते, आणि एका फोलिओत आधी घेतलेले युनिट आधी विकले गेले असे धरले जाते.

समजा, 6 जून 2024 रोजी 50 रुपये दराने 4,000 युनिट मिळाले आणि वर्षभराने दर 60 झाला, म्हणजे नफा 40,000 रुपये. ते 4 जून 2025 रोजी विकले, तर नफा अल्पकालीन ठरून 20 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, असे 8,320 रुपये जातात. कायद्याला बारा महिन्यांहून ‘अधिक’ काळ हवा असल्याने 6 जूनलाही विकू नये. 7 जूनला शनिवार आहे, म्हणून सोमवार, 9 जून. त्या दिवशीचा नफा दीर्घकालीन ठरतो, आणि आर्थिक वर्षातील शेअर व इक्विटी फंडांचा असा एकूण नफा 1.25 लाखांच्या आत असेल तर त्यावर कर शून्य. वरच्या रकमेवर 12.5 टक्के. (हे दर 23 जुलै 2024 पासूनचे आहेत.)

वहीऐवजी संगणकावर यादी ठेवणाऱ्याने युनिटची तारीख `B2` मध्ये लिहून शेजारी हे सूत्र घालावे. ते शनिवार-रविवार वगळते, बाजाराच्या इतर सुट्ट्या मात्र आपणच पाहाव्यात.

```
=WORKDAY(EDATE(B2,12),1)
```

विक्रीचा अर्ज दुपारी तीनच्या आत द्यावा आणि पैसे खात्यात यायला दोन-तीन कामकाजाचे दिवस धरावेत. म्हणजे वरील उदाहरणात कृषी केंद्राला 12 जूनच्या आसपासचा वायदा करावा. मृग वेळेवर बरसला तर तेवढे थांबणे जड जाते, त्यामुळे पुढच्या वर्षासाठी खरेदीच मेच्या मध्यावर करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. दरमहा ठराविक दिवशी आपोआप विक्री लावली असेल, तर पहिली विक्री याच सूत्राच्या तारखेनंतर ठेवावी. अनेक फंड वर्षाच्या आत पैसे काढल्यास निर्गमन शुल्कही कापतात. ते वरील हिशेबात धरलेले नाही.

1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट फंडांना ही यादी लावू नये, कारण तेथे कितीही थांबले तरी नफा अल्पकालीनच राहतो. घरातल्या सोन्याला मात्र चोवीस महिने मोजावेत.