सरळ रेषा आली, पण सक्रियण ऊर्जा चुकली: कायनेटिक्सच्या रिपोर्टमध्ये या चुका टाळा

एप्रिलचा दुसरा आठवडा. सांगलीत दुपारी दीड वाजता आमच्या प्रयोगशाळेतल्या भिंतीवरचा थर्मामीटर ३५ दाखवत होता, आणि मिरजेहून येणारी एमएस्सीची एक विद्यार्थिनी वही घेऊन समोर उभी राहिली. "सर, R² पॉइंट नाइन नाइन नाइन नाइन आलाय. पण उत्तर ६० येतंय आणि पुस्तकात ६५ ते ७० च्या मधे आहे. ग्राफ तर एकदम सरळ आहे. मग चुकलं कुठे?"

प्रयोग नेहमीचाच. मिथाइल ॲसिटेटचं अर्धा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात जलविघटन, चार तापमानांना. दर ठरावीक वेळाने ५ मिली मिश्रण काढायचं, बर्फाच्या पाण्यात सोडायचं आणि कॉस्टिकने टायट्रेट करायचं. मिळालेले रेट कॉन्स्टंट असे:

३० अंशांना ५.४ × 10⁻³ प्रति मिनिट
३५ अंशांना ८.० × 10⁻³
४० अंशांना ११.५ × 10⁻³
४५ अंशांना १६.६ × 10⁻³

आधी गणिताच्या चुका तपासल्या, कारण त्या उत्तराच्या आकड्यावरूनच ओळखू येतात. सूत्र हे:

```
ln k = ln A - Ea/(R·T)
```

म्हणून `1/T` समोर `ln k` मांडला की उतार `-Ea/R` येतो. या आकड्यांवर तो −७२०० केल्विन येतो, ८.३१४ ने गुणलं की सुमारे ६० किलोजूल प्रति मोल. आता कोणी एक्सेलमध्ये `LN` ऐवजी `LOG` टाकलं आणि २.३०३ ने गुणायला विसरलं, तर याच आकड्यांवरून उत्तर २६ येईल. उलट `LN` घेऊनही जुन्या जर्नलमधलं सूत्र पाहून २.३०३ ने गुणलं, तर १३८. एक्स अक्षावर `1000/T` घेऊन हजार विसरलात, तर किलोजूलच्या जागी ज्यूल उरतात. यातलं काही झालं नव्हतं. केल्विन करताना २७३ मिळवले की २७३.१५, यावर दरवर्षी वाद होतो. त्याने उत्तरात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, तो सोडून द्या.

सेल्सिअसची गंमत मात्र बघण्यासारखी आहे. मुद्दाम तिला म्हटलं, केल्विन करूच नकोस, ३०, ३५, ४०, ४५ चे थेट व्यस्त घे आणि रेषा काढ. उत्तर आलं ०.८३ किलोजूल. साफ हास्यास्पद. पण R² आला ०.९९. मग म्हटलं, लॉगही नको, नुसता `k` आणि तापमान मांड. तरी ०.९८. एकाच दिशेने वाढत जाणारे चार बिंदू छोट्या पट्ट्यात कशावरही मांडले तरी बऱ्यापैकी सरळ दिसतात. त्यामुळे R² चांगला आला याचा अर्थ बिंदू एका रेषेच्या जवळ आहेत, एवढाच. अक्ष बरोबर आहेत की नाहीत, तापमान खरं आहे की नाही, हे त्याला माहीतच नसतं.

थर्मामीटर कुठे होता?

मी विचारलं, "तापमान कशात मोजलंस?" "बाथमध्ये, सर." इथेच मासा गळाला लागला.

दुसऱ्या दिवशी तोच वॉटर बाथ, तोच फ्लास्क, तेवढंच आम्ल घेऊन, फक्त एस्टर न घालता, आतलं तापमान मोजायला लावलं. फ्लास्क नेहमीसारखाच अर्धा पाण्यात, तोंड उघडं. बाथ ४५ ला स्थिर असताना आत ४३.६ भरले. बाथ ४० ला, आत ३९.३. ३५ ला दोन्ही सारखे. आणि ३० साठी बर्फ घालून गार ठेवलेल्या बाथमध्ये आतलं तापमान उलट जास्त, ३०.४.

यात गूढ काही नाही. फ्लास्कचा वरचा भाग खोलीच्या हवेत आहे आणि खोली ३५ ची आहे. आतलं मिश्रण बाथ आणि खोली यांच्या मधे कुठेतरी थांबतं. बाथ गरम असेल तर थोडं कमी, बाथ गार असेल तर थोडं जास्त. म्हणजे वहीत १५ अंशांचा पट्टा लिहिला होता तो प्रत्यक्षात १३.२ अंशांचाच होता. ग्राफ आडवा ताणला गेला, उतार त्याच प्रमाणात कमी झाला. १३.२ भागिले १५ म्हणजे ०.८८, आणि ६० भागिले ६८ सुद्धा ०.८८. आतली तापमानं घेऊन तेच रेट कॉन्स्टंट पुन्हा मांडले, तर उत्तर ६८ आलं.

आणि R²? तो ०.९९९९ वरून ०.९९९८ वर आला, म्हणजे किंचित घटलाच. बरोबर उत्तराची रेषा चुकीच्या रेषेपेक्षा जराशी कमी सरळ निघाली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

या प्रकारच्या चुकीची खोड अशी की ती बिंदू विस्कटत नाही, सगळ्या रेषेचा कलच बदलते, तीही इतक्या शिस्तीत की रेषा सरळच राहते. ४० अंशांच्या आसपास या अभिक्रियेचा वेग दर अंशाला साधारण ८ टक्क्यांनी बदलतो. ब्युरेटचं रीडिंग ०.०५ मिलीपर्यंत वाचण्याचा आपला अट्टहास आणि तापमान दीड अंशाने चुकलेलं, हा हिशोब कसा जमायचा?

उपाय कष्टाचे नाहीत. फ्लास्क मानेपर्यंत पाण्यात बुडवा, तरंगू नये म्हणून गळ्यात शिशाची रिंग घाला, बूच लावा. थर्मामीटर बाथमध्येही ठेवा, पण ग्राफसाठीचं तापमान फ्लास्कच्या आतलं घ्या. आम्ल फ्लास्कमध्ये आणि एस्टर वेगळ्या बुचाच्या नळीत, दोन्ही बाथमध्ये वीस मिनिटं ठेवून मगच मिसळा. ही वीस मिनिटं वाया जात नाहीत. ४५ ला या अभिक्रियेचा अर्धायुकाल सुमारे ४२ मिनिटं आहे, आणि गार मिश्रण तापायला दहा-पंधरा मिनिटं लागली तर पहिली दोन-तीन रीडिंग भलत्याच तापमानाची होतात. मधेच लाईट गेली तर ते रीडिंग वेळेसकट वहीत लिहा. ते खोडून नवीन आकडा बसवू नका.

दुसरी चूक उलट दिशेने ओढते

पट्टा रुंद करावा म्हणून काही जण ५०, ५५ पर्यंत जातात. मिथाइल ॲसिटेट ५७ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या फ्लास्कमधून ते त्याआधीच हवेत जायला लागतं, आणि गेलेल्या एस्टरचं आम्ल कधीच होत नाही. त्यामुळे शेवटचं रीडिंग, म्हणजे V∞, कमी येतं. V∞ कमी घेतलं की `ln(V∞ - Vt)` ची रेषा जास्त तीव्र दिसते, `k` खोटा मोठा येतो, तोही फक्त वरच्या तापमानाला. परिणामी सक्रियण ऊर्जा फुगते. हे ओळखण्याची खूण त्या एकेका तापमानाच्या ग्राफमध्येच असते: सुरुवातीला सरळ चाललेली रेषा शेवटी शेवटी खाली वाकायला लागते. उलट शेवटी आडवी होत गेली, तर V∞ जास्त घेतलं असण्याचा संशय धरा.

मोठी पंचाईत म्हणजे या दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. तापमानाच्या चुकीने उत्तर खाली, बाष्पीभवनाने वर, आणि शेवटी पुस्तकातला आकडा हुबेहूब जुळतो. त्यामुळे "उत्तर जुळलं" याचा पुरावा म्हणून उपयोग करताना मी तरी जरा दबकतो.

V∞ साठी बूच घट्ट लावून थोडं मिश्रण ६० अंशांच्या बाथमध्ये दोन तास ठेवा, थंड झाल्यावरच बूच काढा, मग टायट्रेशन. चारही तापमानांना घेतलेली मापं तीच असतील तर V∞ ही तेच यायला हवं. ४५ चं वेगळं आलं तर तिथेच थांबा.

आणि पट्टा वरून वाढत नसेल तर खालून वाढवा. सांगलीत एप्रिलमध्ये ३० च्या खाली उतरायचं तर सतत बर्फ घालत बसावं लागतं आणि तापमान डोलत राहतं. हाच प्रयोग डिसेंबरात लावला तर २५ अंश सहज मिळतात. वेळापत्रकात प्रॅक्टिकल उन्हाळ्यातच का येतं, हे मला अजून कळलेलं नाही.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

तिच्या पहिल्या रिपोर्टमध्ये उत्तर होतं ५९.८५२ किलोजूल प्रति मोल, कारण स्क्रीनवर तेवढे आकडे दिसले. एक्सेलमध्ये

```
=LINEST(D2:D5,C2:C5,TRUE,TRUE)
```

चालवलं (`C` मध्ये `1/T`, `D` मध्ये `ln k`), तर उताराची प्रमाण त्रुटी मिळते, ती ८.३१४ ने गुणली की सुमारे ०.४ किलोजूल. चारच बिंदू असल्याने ९५ टक्के खात्रीसाठी तिला ४.३ ने गुणावं लागतं, म्हणजे १.७. तरी ६० ± १.७ मध्ये ६८ कुठे बसतं? बसत नाहीच. ही त्रुटी फक्त बिंदूंच्या विखुरण्याची आहे. थर्मामीटर कुठे होता, हे `LINEST` ला कोण सांगणार? म्हणून तापमानाची शंका वेगळी मोजावी लागते: दोन्ही टोकांना ०.२ अंशाची चूक धरली तर १३.२ अंशांच्या पट्ट्यात ती साधारण २ टक्के होते, म्हणजे दीड किलोजूल.

दुसऱ्या रिपोर्टमधलं तिचं वाक्य मला आवडलं, म्हणून जसंच्या तसं देतो: "फ्लास्कच्या आत मोजलेल्या ३०.४ ते ४३.६ अंश सेल्सिअस या पट्ट्यात, ०.५ नॉर्मल आम्लातील स्यूडो-फर्स्ट ऑर्डर रेट कॉन्स्टंटवरून, सक्रियण ऊर्जा ६८ ± ३ किलोजूल प्रति मोल. बाथचे तापमान वापरल्यास ६० येते. हा फरक फ्लास्क आणि बाथ यांच्या तापमानातील तफावतीमुळे." चुकलेलं उत्तर लपवलं नाही, कारणासकट लिहिलं. परीक्षकाला एवढ्यावरूनच कळतं की प्रयोग खरंच झालाय.

`A` बद्दल मात्र तिला एक दुरुस्ती करावी लागली. `k` मिनिटात असला काय किंवा सेकंदात, सक्रियण ऊर्जा तीच राहते, पण `A` साठपट बदलतो, म्हणून एकक लिहिल्याशिवाय `A` लिहूच नये. आम्ल एक नॉर्मल घेतलं असतं तरीही तो बदलला असता. शिवाय तो `1/T` शून्यापर्यंत, म्हणजे आपल्या बिंदूंपासून फार लांब, रेषा वाढवून मिळतो. बाथच्या तापमानांनी तिचा `A` आला होता १.१ × 10⁸ प्रति मिनिट, आतल्या तापमानांनी २.६ × 10⁹. सक्रियण ऊर्जेत ८ किलोजूलचा फरक, आणि `A` मध्ये चोवीसपट. तिने तो तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिला होता. खोडून फक्त "10⁹ च्या दर्जाचा, प्रति मिनिट" एवढंच ठेवलं.